तांदळात लिहिलेलं नाव पुसताना

आमच्याकडे लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझ्या मावसबहिणीचं नावही असंच लिहिलं गेलं. इथे मी तिची दोन्ही नावं बदलून देते. लग्नाआधी ती स्मिता अरविंद देशमाने होती. तांदळात ‘सानिका’ लिहिलं गेलं आणि ती सानिका राहुल कदम झाली. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही एका संध्याकाळी बदललं. बारा वर्षांनी परस्परसंमतीने घटस्फोट झाला. ती पुन्हा स्मिता व्हायला निघाली, तेव्हा त्या कामाला सात महिने लागले. बहुतेक खेपांना मी तिच्यासोबत होते, म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कायदा भारतात नाही. त्यामुळे घटस्फोट झाला की माहेरचं नाव आपोआप परत येतं, असंही होत नाही. न्यायालय लग्न संपवतं, कागदांवरचं नाव तसंच राहतं. ते प्रत्येक ठिकाणी आपल्याला बदलून घ्यावं लागतं आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न येतो: या दोन नावांची बाई एकच आहे हे कशावरून?

स्मिता पहिल्यांदा बँकेत गेली तेव्हा तिच्या हातात घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची झेरॉक्स होती. काउंटरवरच्या बाईंनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, “मॅडम, यात सानिका कदम यांचा घटस्फोट झालाय. स्मिता देशमाने कोण?”

प्रश्न उद्धट वाटला तरी चुकीचा नव्हता. वकिलांनी अर्जात तिचं एकच नाव घातलं होतं, सासरचं. हुकूमनामा अर्जातल्या नावानेच निघतो. म्हणून त्या कागदावरून राहुल आणि सानिका यांचं लग्न संपल्याचं सिद्ध होत होतं. सानिका हीच पूर्वीची स्मिता, हे त्यात कुठेच नव्हतं. तिच्याकडे दहावीचं प्रमाणपत्र होतं, त्यावर ‘स्मिता अरविंद देशमाने’. विवाह नोंदणीचा दाखलाही होता, त्यावर वधूचं लग्नाआधीचं नाव, म्हणजे पुन्हा स्मिताच. एका बाजूला स्मिता, दुसऱ्या बाजूला सानिका आणि मधला पूल गायब.

ज्यांचं फक्त मधलं नाव आणि आडनाव बदललेलं असतं त्यांना हे थोडं सोपं जातं, कारण पहिलं नाव, जन्मतारीख आणि नवऱ्याचं नाव जुळतं. पहिलं नावही बदललेलं असेल तर मात्र तो पूल शोधावाच लागतो. स्मिताने लग्नानंतर राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, नाव बदललं होतं. तिची प्रत घर सोडताना तिकडेच राहिली. शेवटी ती सापडली तिच्या कंपनीच्या कार्मिक विभागातल्या जुन्या फायलीत. लग्नानंतर पगाराच्या खात्यावरचं नाव बदलताना तिने ती जोडली होती. अशा वेळी जुन्या नोकरीची फाइल, विम्याची कागदपत्रं, गृहकर्जाचा अर्ज हे सगळं तपासून पाहावं. नाव बदलल्याचा पुरावा आपण कुठे ना कुठे दिलेला असतो.

ज्यांचा अर्ज अजून दाखल व्हायचा आहे, त्यांना हा सगळा शोध टाळता येतो. वकिलांना सांगून अर्जाच्या शीर्षकातच दोन्ही नावं लिहून घ्यावीत: ‘सानिका राहुल कदम, माहेरचे नाव स्मिता अरविंद देशमाने’. परस्परसंमतीचा अर्ज असेल तर संमतीच्या अटींमध्ये एक ओळ घालावी की घटस्फोटानंतर अर्जदार आपलं लग्नापूर्वीचं अमुक नाव वापरील. पोटगी, मुलांचा ताबा, दागिने यांची कलमं लिहिताना या ओळीकडे कोणाचंच लक्ष जात नाही. स्मिताचंही गेलं नव्हतं, आणि मला अजून वाईट वाटतं की आमच्यापैकी कोणालाच ते सुचलं नाही.

आता हुकूमनाम्याबद्दल. न्यायालयाकडून दोन कागद मिळतात. निकालपत्रात कारणमीमांसा असते. हुकूमनाम्यात, ज्याला सगळे डिक्री म्हणतात, विवाह अमुक तारखेपासून विच्छेदित झाला एवढाच आदेश असतो. कार्यालयांना हुकूमनामा लागतो, पण निकालपत्रही सोबत असलेलं बरं. झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून आणलेली प्रत बऱ्याच ठिकाणी परत येते. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल घ्यावी लागते. आम्ही आधी एकच घेतली आणि मग पुन्हा रांगेत उभे राहिलो. सुरुवातीलाच चार घ्याव्यात. नक्कल हातात आली की तिथेच उभं राहून नाव, तारीख आणि प्रकरण क्रमांक वाचावा. टंकलेखनाची चूक असेल तर दुरुस्ती त्याच न्यायालयाकडून होते, आणि महिना उलटल्यावर तीच दुरुस्ती जास्त वेळ खाते.

हुकूमनामा मिळाल्यावरही बँकेने राजपत्र मागितलं. स्मिता चिडली: “ताई, कोर्टाचा कागद यांना पुरत नाही, आणि गॅझेट म्हणजे तर मीच दिलेली जाहिरात!” पण यामागे एक नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत असं म्हटलं आहे की ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल तर राज्य सरकारने दिलेला विवाहाचा दाखला किंवा राजपत्रातली सूचना सोबत असल्यास ते ओळखपत्र ग्राह्य धरावं. लग्नाचा दाखला तिथे आहे, घटस्फोटाचा हुकूमनामा नाही. म्हणजे नाव बदलून जाणाऱ्या बाईचा विचार नियम लिहिताना झाला, परत येणाऱ्या बाईचा झाला नाही. काही शाखा हुकूमनाम्यावर काम करतात, काही अडून बसतात. हे मला अन्यायाचं वाटतं. पण काउंटरवर भांडण्यापेक्षा राजपत्र करून घेणं लवकर होतं, आणि ते पुढे सगळीकडे चालतं.

महाराष्ट्रात हे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे. मुख्य कार्यालय मुंबईत चर्नी रोडला आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो. जुनं नाव, नवं नाव, बदलाचं कारण भरायचं, दोन्ही नावांचे पुरावे आणि हुकूमनामा जोडायचा, शुल्क भरायचं. सूचना राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येते. हा भाग साप्ताहिक आहे.

इथे सगळ्यात जास्त जपायची गोष्ट म्हणजे इंग्रजी स्पेलिंग. मराठीत देशमाने एकच असतो, इंग्रजीत तो चार प्रकारे लिहिता येतो. स्मिताने अर्ज भरला तेव्हा तिच्या आडनावात एक जास्तीचा ‘ए’ पडला होता. तो अर्ज पाठवायच्या आधी दिसला म्हणून निभावलं. छापून आल्यावर दिसला असता तर शुद्धिपत्रासाठी नव्याने धावपळ झाली असती. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे स्पेलिंग आहे तेच अक्षर न् अक्षर उतरवावं. शाळा सुटल्यावर ते प्रमाणपत्र लग्नाने बदलत नाही, घटस्फोटानेही नाही. आपल्या बहुतेक बायकांकडे माहेरच्या नावाचा तोच सगळ्यात पक्का कागद असतो.

माहेरचं नाव म्हणजे नेमकं कोणतं, हाही प्रश्न आहे. स्मिताला एकदा वाटलं होतं की मधे वडिलांऐवजी आईचं नाव लावावं. तिला तसा पूर्ण अधिकार आहे. पण मग ते जुन्या नावाकडे परतणं राहत नाही, ते नवीन नाव होतं. हुकूमनामा आणि दहावीचं प्रमाणपत्र मिळून फक्त लग्नाआधीच्या नावाला आधार देतात. नव्या नावाला केवळ राजपत्राचा आधार राहतो आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं पुन्हा वेगळी पडतात. तिने विचार करून वडिलांचं नाव ठेवलं.

राजपत्र हातात आल्यावर पहिलं आधार, मग पॅन, मग बँक, असा क्रम ठेवावा. कारण साधं आहे: पॅन आधारशी जुळवलं जातं आणि बँक दोन्हीशी. आधी बँकेत नाव बदललं आणि पॅन जुन्या नावाने राहिलं, तर प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर बँक खात्याची पडताळणी अडकते आणि परतावा येत नाही. महिनाभर परताव्याची वाट पाहण्यापेक्षा त्या संकेतस्थळावर खात्याची स्थिती पाहावी. नाव जुळत नसेल तर ते तिथे लगेच कळतं.

आधारच्या वेळी दोन अडचणी आल्या, दोन्ही नावाच्या नव्हत्या. आधारला जोडलेला मोबाइल नंबर राहुलचा होता. लग्नानंतर सगळ्या घराचे नंबर त्यानेच जोडले होते. त्यामुळे स्मिता काहीही करायला गेली की ओटीपी त्याच्या फोनवर जायचा. आपल्या किती घरांत हे असं असतं, याचा अंदाज मला त्या दिवशी आला. नंबर बदलायला कोणताही कागद लागला नाही, पण तेव्हा आधार केंद्रावर स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले. ज्या बायका अजून वेगळं व्हायच्या विचारात आहेत त्यांनीही हे आजच तपासावं. दुसरी अडचण पत्त्यात होती. जुन्या आधारवर पत्त्याच्या पहिल्या ओळीत पतीचं नाव छापलेलं असतं. नाव बदललं आणि पत्ता तसाच राहिला, तर ‘स्मिता अरविंद देशमाने’च्या खाली राहुल कदम राहतोच. म्हणून नाव आणि पत्ता एकाच खेपेत बदलून घ्यावा. पत्त्यासाठी वेगळा पुरावा लागतो, तो आधी जमवावा.

नावाच्या बदलासाठी आधारच्या यादीत हुकूमनामा आणि राजपत्र दोन्ही आहेत. राजपत्र देताना जुन्या नावाचं ओळखपत्रही सोबत मागतात. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायची: आधारवर नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. स्पेलिंगची किरकोळ दुरुस्तीही त्यात मोजली जाते. स्मिताने पूर्वी एकदा ‘सानिका’चं स्पेलिंग सुधारून घेतलं होतं, म्हणजे तिच्याकडे एकच संधी उरली होती. ती संपली असती तर प्रादेशिक कार्यालयाकडून अपवाद म्हणून मंजुरी घ्यावी लागली असती. म्हणून केंद्रावरच्या मुलाने पावती दिली की खुर्चीवरून उठायच्या आत इंग्रजी आणि मराठी दोन्ही नावं वाचावीत.

पॅनकार्डाने मात्र तिला आनंद दिला. पॅनवर विवाहित बाईच्याही वडिलांचंच नाव असतं, त्यामुळे बारा वर्षं तिच्या कार्डावर ‘अरविंद देशमाने’ छापलेलं होतंच. बदलायचं होतं फक्त तिचं स्वतःचं नाव. त्यासाठी पॅनमधील बदलाचा अर्ज करायचा आणि राजपत्राची प्रत जोडायची. पॅनचा क्रमांक बदलत नाही. घाईत नवीन पॅनसाठी अर्ज करू नये, कारण दोन पॅन बाळगणं दंडास पात्र आहे. सहीचा विचारही याच वेळी करावा. स्मिता सही ‘एस. कदम’ अशी करायची. नवी सही ठरवून तीच पॅनला, बँकेला आणि पासपोर्टला दिली, नाहीतर धनादेश परत आले असते.

यानंतर बँकेने चार दिवसांत नाव बदललं. ते एकत्र खातं असेल तर नाव बदलणं आणि त्यातून बाहेर पडणं ही दोन वेगळी कामं आहेत, दुसऱ्यासाठी दोघांच्या सह्या लागतात.

पासपोर्टमध्ये दुरुस्ती होत नाही, तो नव्याने काढावा लागतो. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये आहे. २०१६च्या डिसेंबरमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले. विभक्त किंवा घटस्फोटित व्यक्तीला जोडीदाराचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही आणि त्यासाठी हुकूमनामाही मागितला जात नाही. पण नाव बदलायचं असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल न्यावी. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर आधी त्या देशाच्या दूतावासाला विचारावं.

मतदार यादीसाठी नमुना ८ भरायचा. त्यात नातेसंबंधाच्या रकान्यात पतीऐवजी वडील करायला विसरू नये. रेशनकार्डासाठी आधी सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, त्याशिवाय माहेरच्या कार्डात नाव चढत नाही. भविष्य निर्वाह निधीचं काम कंपनीमार्फत झालं. तिथेही आधारशी जुळणं हीच मुख्य अट आहे.

घर किंवा जमीन जुन्या नावाने घेतलेली असेल तर जुनं खरेदीखत पुन्हा करायची गरज नाही. त्या दिवशी तेच नाव होतं, ती नोंद खरीच आहे. सोसायटीत, सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर राजपत्र देऊन नाव बदलून घ्यायचं. पुढे विक्री करताना दस्तात ‘स्मिता अरविंद देशमाने उर्फ पूर्वीच्या सानिका राहुल कदम’ असं लिहायचं. मुलीच्या जन्मदाखल्यावरचं आईचं नावही तिने बदललं नाही, कारण जन्माच्या वेळी ते तसंच होतं. शाळेच्या फायलीत राजपत्राची एक प्रत दिली आणि पुढच्या फॉर्मवर नवं नाव लिहायला सुरुवात केली.

हे सगळं न्यायालयाचा हुकूमनामा आहे असं गृहीत धरून सांगितलं. आपल्याकडे अनेक समाजांत अजून स्टॅम्पपेपरवर काडीमोड होते. पंच बसतात, सह्या होतात, नोटरीचा शिक्का लागतो आणि बाईच्या हातात फारकतीचा कागद येतो. हिंदू विवाह कायद्याच्या २९व्या कलमाने रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे, पण ती रूढी त्या समाजात खरोखर चालत आली आहे हे सिद्ध करावं लागतं. पासपोर्ट कार्यालय किंवा बँक ते ठरवू शकत नाही, म्हणून हा कागद तिथे परत येतो. अशा बाईने दिवाणी न्यायालयाकडून लग्न संपल्याची घोषणा मिळवावी. पुन्हा लग्न करायचं असेल, पोटगी किंवा वारशाचा प्रश्न असेल, तर ती लागणारच.

ज्यांचा दावा अजून चालू आहे त्यांची अवस्था सगळ्यात अवघड. केंद्र सरकारच्या राजपत्रासाठी प्रकाशन विभागाने अट घातली होती की माहेरचं नाव परत घेणाऱ्या बाईने हुकूमनामा किंवा नवऱ्याचं ना-हरकत पत्र द्यावं, आणि प्रकरण न्यायालयात असेल तर अंतिम निकालापर्यंत थांबावं. ज्या माणसापासून वेगळं व्हायचं त्याचीच परवानगी! या अटीला २०२४ साली एका बाईने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली. महाराष्ट्रातल्या बहुतेक कामांना राज्याचं राजपत्र पुरतं, त्यामुळे अडचण तितकी मोठी नाही. तरी दावा चालू असताना नाव बदलण्याआधी वकिलांना विचारावं, कारण मधेच नाव बदललं तर न्यायालयातल्या कागदांवरही ते कळवावं लागतं.

सात महिन्यांनी सगळं झालं असं आम्हाला वाटलं. मग एका रविवारी स्मिता विम्याची पॉलिसी नव्या नावाने आली का ते पाहत होती. नाव बरोबर होतं. खाली नॉमिनीच्या रकान्यात राहुल कदम, नातं पती. भविष्य निर्वाह निधीत तेच, पीपीएफमध्ये तेच, दोन मुदतठेवींवरही तेच. घटस्फोट झाला म्हणून नॉमिनी आपोआप रद्द होत नाही. आपलं काही बरंवाईट झालं तर त्या नोंदीवरून मुलीला भांडावं लागतं. सोमवारी ती पुन्हा रजा टाकून निघाली. या वेळी राजपत्र लागलं नाही. प्रत्येक ठिकाणी एक फॉर्म होता, तिची नवी सही होती, आणि नॉमिनी म्हणून मुलीचं नाव. मुलगी अजून अज्ञान आहे म्हणून पालकाच्या रकान्यात तिने आपल्या आईचं नाव लिहिलं.